विठ्ठलाच्या आरतीचं रेकॉर्डिंग अपलोड करायचंय: शीर्षक, शब्द, प्रसंग आणि लोक टाकतात ती स्पेलिंगं कुठे भरायची?

पखवाज_फलटण

आमच्या भजनी मंडळाने "युगे अठ्ठावीस विटेवरी उभा" रेकॉर्ड केली आहे. पाचही कडवी, मागोमाग "येई हो विठ्ठले" आणि शेवटी "घालीन लोटांगण", अशी घरात म्हणतात तशी सलग. आवाज, पखवाज, टाळ सगळं समाधानकारक जमलं आहे. आषाढीच्या आत यूट्यूबवर टाकायचं आहे आणि पुढे जमलं तर गाण्यांच्या ॲपवरही.

अडलंय ते माहिती भरण्यापाशी. मंडळातल्या प्रत्येकाला नाव कसं लिहायचं ते विचारलं तर एकाने Atthavis लिहिलं, दुसऱ्याने Aththavis, तिसऱ्याने Athavees आणि एका मुलाने सरळ Yuge 28. विठ्ठलाचं तर विचारूच नका. यातलं शीर्षकात काय घ्यावं? बाकीचं कुठे लिहावं? आरतीचे शब्द पूर्ण द्यावेत का, आणि आषाढीचा उल्लेख शीर्षकात हवा का? ज्यांनी हे काम केलंय त्यांनी सविस्तर सांगावं.

निनाद_टेक

सोपं आहे. टॅगचा रकाना असतो, त्यात ५०० अक्षरं बसतात. सगळी स्पेलिंगं तिथे टाका. उरतील ती डिस्क्रिप्शनच्या तळाशी स्वल्पविराम देऊन लिहा आणि वर वीसतीस हॅशटॅग द्या. शीर्षकात "आषाढी एकादशी स्पेशल" आणि चालू साल टाकाच, त्या आठवड्यात सगळे तेच शोधतात.

शैलजा_सोलापूर

शब्द हवेत ना? आमच्याकडे "येई हो विठ्ठले"च्या आधी असं म्हणतात:

आषाढी कार्तिकी भक्तजन येती
चंद्रभागेमध्ये स्नाने जे करिती
दर्शनहेळामात्रे तया होय मुक्ती
केशवासी नामदेव भावे ओवाळिती

बरेच जण "दर्शन होळा मात्रे" म्हणतात, तेवढं सांभाळा.

पखवाज_फलटण

शैलजाताई, धन्यवाद. शब्द आहेत आमच्याकडे, ते कुठल्या रकान्यात कसे भरायचे ते विचारत होतो. पण "हेळामात्रे"चं बरं सांगितलंत. आमच्या छापील पुस्तिकेतही "होळा" आहे. गायलं मात्र "हेळा"च आहे, आत्ता परत ऐकून खात्री केली.

चिपळी

भक्तिसंगीताच्या जुन्या रेकॉर्डिंगची माहिती भरण्याचं काम मी बरीच वर्षं करते आहे, म्हणून थोडं विस्ताराने लिहिते.

निनाद, टॅगचा रकाना ५०० अक्षरांचा हे बरोबर. पण यूट्यूब स्वतःच सांगतं की शोधात टॅगचा वाटा फार थोडा असतो, नाव लिहिताना लोक हमखास चुकतात अशा ठिकाणी तो उपयोगी पडतो. आपल्याला त्याचा तेवढाच उपयोग करायचा आहे. डिस्क्रिप्शनच्या तळाशी स्पेलिंगांची रांग लावणं मात्र करू नका. टॅगची यादी डिस्क्रिप्शनमध्ये ओतणं त्यांच्या नियमात बसत नाही, त्यापायी व्हिडिओ काढलाही जाऊ शकतो. हॅशटॅग साठाच्या वर गेले तर एकही धरला जात नाही. साठ कशाला, तीन पुरतात.

आता मूळ मुद्दा. लोक एकच आरती वेगवेगळ्या तऱ्हेने शोधतात, पण त्या तऱ्हा एका जातीच्या नसतात. मंडळात जी स्पेलिंगं निघाली त्यातली निम्मी शोधयंत्राला आधीच कळतात. ती कुठली हे घरी बसून तपासता येतं. ब्राउझरची खासगी खिडकी उघडा, म्हणजे तुमचा जुना शोध आड येणार नाही. Yuge Atthavis टाका आणि वरचे आठदहा व्हिडिओ बघून ठेवा. मग Yuge Aththavis टाका. तेच व्हिडिओ थोड्याफार त्याच क्रमाने आले तर ती दोन स्पेलिंगं यंत्राच्या लेखी एकच आहेत, दुसऱ्यासाठी जागा खर्च करायची गरज नाही. यादी बदलली, भलतीच गाणी आली किंवा निकाल विरळ झाले, तर ते स्पेलिंग टॅगमध्ये घ्यायचं. प्रत्येक स्पेलिंगाला हीच चाचणी लावा, यादी आपोआप आटोपशीर होते.

आणि रोमन स्पेलिंगांचा जेवढा बाऊ होतो तेवढा तो मोठा प्रश्न नाही. कितीतरी लोकांना आरतीची पहिली ओळच आठवत नसते. ते "वामांगी रखुमाई" टाकतात, "आषाढी कार्तिकी भक्तजन येती" टाकतात, "तुळसीमाळा गळा कर ठेवुनी कटी" टाकतात. कोणी नुसतं "विठ्ठलाची आरती" म्हणून शोधतं. अशा माणसाला तुमचा व्हिडिओ सापडावा म्हणून पूर्ण शब्द डिस्क्रिप्शनमध्ये हवेत. माझ्या मते सगळ्यात जास्त कष्ट तिथे घ्यावेत.

जाई_डब्लिन

चिपळी म्हणतात ते अगदी पटलं. माझ्या मुलांना देवनागरी वाचता येत नाही. गणपतीत आम्ही फोनवर शब्द उघडून आरत्या म्हणतो तेव्हा मुलं रोमन अक्षरांतले शब्द शोधतात. आणि त्यात जर अक्षरांवर आडव्या रेघा नि खाली टिंबं दिलेली असली तर ती वाचूच शकत नाहीत. साधं रोमन द्या, व्हॉट्सॲपवर लिहितो तसं.

आमच्याकडे विठ्ठलाची ही आरती आषाढीपेक्षा गणपतीतच जास्त म्हटली जाते, तेही लक्षात असू द्या. सुखकर्ता, लवथवती, दुर्गे दुर्घट आणि मग युगे अठ्ठावीस, असा आमचा क्रम.

निनाद_टेक

मग पहिली ओळ सोडून बाकीच्या ओळीही टॅगमध्ये घालू ना. आणि हॅशटॅगबद्दल चिपळीताई सांगतात ते मान्य, पण सालाचं काय? त्या आठवड्यात लोक साल टाकून शोधतात हे मी स्वतः गूगल ट्रेंड्सवर पाहिलंय, तिथे फक्त यूट्यूबवरचा शोध निवडता येतो.

चिपळी

ट्रेंड्स बघणं चांगलंच. पण साल टाकून शोधणाऱ्याला बहुतेक वेळा तारीख हवी असते, नाहीतर पंढरपूरचं थेट दर्शन. आषाढी एकादशी २०२३ मध्ये २९ जूनला होती, २०२४ मध्ये १७ जुलैला, २०२५ मध्ये ६ जुलैला. दरवर्षी सरकते, म्हणून लोक सालासकट विचारतात. आरती काही दरवर्षी बदलत नाही. शीर्षकात साल घातलंत तर पुढच्या वर्षी ते शिळं दिसेल, आणि जाई म्हणतात त्या गणपतीतल्या लोकांना वाटेल की हे आपल्यासाठी नाही.

म्हणून प्रसंग शीर्षकात न घालता डिस्क्रिप्शनमध्ये घालावा, आणि तोही धड वाक्यात. "आषाढी व कार्तिकी एकादशीला, तसेच गणेशोत्सवात घरोघरी म्हटली जाणारी विठ्ठलाची आरती" एवढं एक वाक्य दोन्हीकडच्या लोकांना पुरतं. ते अगदी वरती ठेवा, कारण शोधाच्या यादीत डिस्क्रिप्शनचा सुरुवातीचाच तुकडा दिसतो.

बाकीच्या ओळी टॅगमध्ये नकोत. त्या शब्दांत येणारच आहेत.

पखवाज_फलटण

हे समजलं. आता शीर्षकाचं सांगा. मी असं केलंय: "युगे अठ्ठावीस विटेवरी उभा येई हो विठ्ठले घालीन लोटांगण | संपूर्ण विठ्ठल आरती | Yuge Atthavis Vitevari Ubha Yei Ho Vitthale". यूट्यूब घेतच नाही, मर्यादेबाहेर गेलं म्हणतं. मोजून पाहिलं तर शंभराच्या आतच वाटतंय.

जुळारी

पखवाज दादा, देवनागरीत काना, मात्रा, वेलांटी आणि जोडाक्षरातला हलन्त सगळे वेगळे मोजले जातात. "युगे अठ्ठावीस" आपल्याला सहा अक्षरं दिसतात. यंत्र य, उकार, ग, मात्रा, मधली जागा, अ, ठ, हलन्त, ठ, काना, व, वेलांटी, स असं मोजतं, म्हणजे तेरा. शंभराची मर्यादा मराठीत फार लवकर संपते.

मी डीटीपी करतो म्हणून आणखी एक विचारतो. शब्द तुमच्याकडे कुठल्या रूपात आहेत? छापील पुस्तिकेची जुनी फाईल असेल तर ती बहुधा जुन्या फॉन्टमध्ये असणार. ती तशीच चिकटवली तर इंग्रजी अक्षरांचा चिवडा होतो.

पखवाज_फलटण

अगदी तेच झालं. मग एका संकेतस्थळावर ती युनिकोडमध्ये बदलून घेतली. आता बरी दिसते.

जुळारी

बरी दिसते तरी एकदा ओळ न ओळ वाचा. रूपांतरात रफार आणि पहिली वेलांटी या दोन गोष्टी हमखास सरकतात. तुमच्या आरतीत "कुर्वंड्या"वर रफार आणि अनुस्वार एकाच अक्षरावर आहेत, तिथे आधी बघा. "ओवाळिती", "करिती" यांच्या वेलांट्या शेजारच्या अक्षराला चिकटल्या असतील. "लल्लाटी"तला अर्धा ल बघा. डोळ्यांना शब्द बरोबर वाटतो पण आत अक्षरांचा क्रम उलटा असतो, मग शोधणाऱ्याने बरोबर टाइप केलं तरी जुळत नाही. तपासायला सोपी युक्ती आहे. फाईल उघडून Ctrl+F दाबा आणि तो शब्द आपल्या हाताने टाइप करा. समोर दिसत असूनही सापडला नाही तर आत गडबड आहे. तो शब्द खोडून नव्याने टाइप करायचा.

गणपतीची आरती करणाऱ्यांसाठीही सांगून ठेवतो, "दुःख"मधला विसर्ग म्हणून खूप जण कीबोर्डवरचा अपूर्णविराम देतात, "दु:ख". छापताना फरक कळत नाही, यंत्राला ते वेगळं चिन्ह दिसतं.

चिपळी

जुळारी, फार मोलाचं सांगितलंत. या तपासणीत लोक कंटाळा करतात आणि मग "शब्द देऊनही कोणी येत नाही" म्हणतात.

शीर्षक असं करा:

```
युगे अठ्ठावीस विटेवरी उभा | विठ्ठल आरती | Yuge Atthavis Vitevari Ubha
```

ही ६९ अक्षरं होतात. शेवटी " | Vitthal Aarti" जोडलंत तर ८५, तरीही बसतं. मोबाईलवर शेवट कापला जातो, त्यामुळे देवनागरी पहिली ओळ पुढे राहिली पाहिजे. रोमनमध्ये एकच रूप घ्या आणि तेच सगळीकडे वापरा, शीर्षकात, रोमन शब्दांत, चित्रफलकावर.

टॅग मी असे देईन. यातलंही जे चाचणीत फुकट निघेल ते काढून टाका:

```
yuge athavis, yuge athavees, yuge 28 vitevari ubha,
yuge atthavis lyrics marathi, vithal arti, viththal aarti,
vittala aarathi, vithoba aarti, युगे अठ्ठाविस
```

vittala aarathi बघून आश्चर्य वाटेल. दक्षिणेत त हे अक्षर th असं लिहायची पद्धत आहे, आणि विठ्ठलाचे भक्त कर्नाटकात काही कमी नाहीत. Yuge 28 तर तुमच्या मंडळातल्या मुलानेच दिलंय, ते जरूर ठेवा.

जाई_डब्लिन

त्या मुलाला श्रेय द्याच! आमच्याकडे मुलं फोनला तोंडी सांगतात, "युगे अठ्ठावीस लाव". फोन ते ऐकून आकडा करतो आणि पडद्यावर 28 उमटतं.

शैलजा_सोलापूर

शब्दांबद्दल परत विचारते. "होळा मात्रे" चूक असलं तरी लोक तेच म्हणतात, म्हणजे शोधतानाही तेच टाकणार. मग तेही शब्दांत द्यायला नको का, कंसात?

चिपळी

शैलजाताई, शब्दांच्या जागी फक्त रेकॉर्डिंगमध्ये जे ऐकू येतं तेच असावं. पुढे हेच शब्द सबटायटलला लागतील आणि गाण्यांच्या ॲपवर दिले तर तिथेही गायलंय तसंच लिहा असा नियम असतो. ऐकताना "हेळा" आणि पडद्यावर "होळा" असं झालं की पाठ करणारी मुलं चुकीचं उचलतात. पाठभेद सांगायचा असेल तर शब्द संपल्यावर खाली एक ओळ लिहा: "काही ठिकाणी 'दर्शन होळा मात्रे' असेही म्हटले जाते." शोधणाऱ्याला सापडतं आणि शब्दही शुद्ध राहतात. ही यादी नाही, वाचणाऱ्याला काही सांगणारं वाक्य आहे, त्यामुळे नियमाचीही अडचण नाही.

निनाद_टेक

दोन्ही लिप्यांतले शब्द, प्रसंग, मंडळाची नावं, एवढं सगळं डिस्क्रिप्शनमध्ये मावेल का?

चिपळी

पाच हजार अक्षरं मिळतात. पाच कडवी दोन्ही लिप्यांत दिली तरी निम्मी जागा उरते. फक्त धृपद प्रत्येक कडव्यानंतर पूर्ण लिहू नका, पहिल्यांदा पूर्ण द्या आणि पुढे "जय देव जय देव..." पुरे. आणि सजावटीला < > ही चिन्हं वापरू नका, यूट्यूब ती घेत नाही.

पखवाज_फलटण

शीर्षकातून "येई हो विठ्ठले" आणि "घालीन लोटांगण" गेलं. पण त्यासाठी शोधणारेही खूप असतील. मंडळातले ज्येष्ठ म्हणतात तिन्ही सलगच ठेवा, आरती तोडायची नसते.

चिपळी

मग भाग पाडून द्या. वेळा तुमच्या रेकॉर्डिंगप्रमाणे बदला:

```
0:00 युगे अठ्ठावीस विटेवरी उभा
4:52 येई हो विठ्ठले माझे माउली ये
8:10 घालीन लोटांगण वंदीन चरण
```

पहिली वेळ 0:00 हवीच, किमान तीन भाग हवेत आणि प्रत्येक भाग दहा सेकंदांपेक्षा लहान नको. तुमचे नेमके तीन आहेत, त्यामुळे जमतंय. तरी माझं मत विचाराल तर सलग एक ठेवा आणि तिन्ही वेगळीही टाका. "येई हो विठ्ठले" शोधणारा माणूस पाच मिनिटं थांबत नाही.

निनाद_टेक

इथे मी असहमत. एकच रेकॉर्डिंग तुकडे करून चारदा टाकलं की आपलेच व्हिडिओ एकमेकांचे प्रेक्षक खातात. नवीन चॅनेलला एकच भक्कम व्हिडिओ बरा.

चिपळी

असेलही. छोट्या मंडळांच्या बाबतीत मी दोन्ही प्रकार चाललेले पाहिलेत. महिनाभराने ॲनालिटिक्समध्ये यूट्यूब सर्च या स्रोताखाली लोकांनी नेमकं काय टाइप केलं ते दिसतं. "येई हो" तिथे वारंवार दिसलं तर तेव्हा वेगळं टाका.

जुळारी

ॲपवर द्यायचं म्हणताय तिथलं वेगळं असतं ना? माझ्या मेव्हण्याने अभंग दिला होता, नावात "एकादशी स्पेशल" होतं म्हणून परत आला.

चिपळी

हो, तिथे नियम पुष्कळ कडक आहेत. गाण्याच्या नावात फक्त नाव. प्रसंग, पर्यायी स्पेलिंग, "संपूर्ण", "मराठी आरती" असं काहीही जोडलं की परत पाठवतात. शब्दांची भाषा मराठी निवडा. घाईत हिंदी राहून जातं आणि मग गाणं भलत्याच यादीत जाऊन बसतं. नाव देवनागरीत द्यायचं की रोमनमध्ये ते एकदा ठरवा. दुसऱ्या लिपीतलं नाव भरायला वेगळा रकाना आहे का, हे ज्यांच्यामार्फत देताय त्यांना विचारा.

आणि श्रेयाच्या रकान्यांत गोंधळ होतो. कलाकार म्हणून मंडळाचं नाव घाला. शेवटच्या ओळीत नामदेवांची नाममुद्रा आहे, म्हणून गीतकार संत नामदेव. संगीतकार पारंपरिक, चाल तुमच्या मंडळाने बसवलेली नसेल तर. बरेच जण भक्तिभावाने मुख्य कलाकार म्हणून संत नामदेव लिहितात. मग तुमचं गाणं जगातल्या सगळ्या "संत नामदेव" नावाच्या पानावर जमा होतं आणि मंडळाच्या पानावर दिसतच नाही.

शैलजा_सोलापूर

माझ्या भाच्याने आरती स्वतः म्हणून टाकली तर त्याच्यावर कोणा कंपनीने हक्क सांगितला. आरती तर सातशे वर्षांपूर्वीची!

चिपळी

शब्द कोणाच्या मालकीचे नाहीत, पण एखाद्या कंपनीने केलेलं ध्वनिमुद्रण त्यांचं असतं, आणि यंत्र सूर जुळला की कधीकधी चुकीचा दावा लावतं. भाच्याने गाणं आणि वाद्यं सगळं स्वतःचं असेल तर हरकत नोंदवावी आणि कारणात तेच लिहावं. मागे तयार संगीत वाजत असेल तर मात्र दावा बरोबर असू शकतो.

शैलजा_सोलापूर

संगीत मोबाईलवरून लावलं होतं बहुतेक. विचारते त्याला.

पखवाज_फलटण

डिस्क्रिप्शनचा वरचा भाग असा केलाय, बघा:

```
युगे अठ्ठावीस विटेवरी उभा – आषाढी व कार्तिकी एकादशीला, तसेच
गणेशोत्सवात घरोघरी म्हटली जाणारी विठ्ठलाची आरती.
रचना: संत नामदेव | चाल: पारंपरिक
Yuge Atthavis Vitevari Ubha – Vitthal Aarti with full Marathi lyrics
```

खाली देवनागरी शब्द, मग रोमन, मग पाठभेदाची ओळ, शेवटी गायक-वादकांची नावं. जुळारींनी सांगितल्याप्रमाणे शोधून पाहिलं, "कुर्वंड्या" खरंच सापडत नव्हतं. हाताने टाइप केलं.

एक अजून अडलंय. धृपदात आमच्यातले निम्मे "राईच्या वल्लभा" गातात आणि निम्मे "राहीच्या". रेकॉर्डिंगमध्ये दोन्ही एकदम ऐकू येतंय. गायलंय तसं लिहायचं तर काय लिहू?

जुळारी

माझ्याकडच्या दोन जुन्या आरतीसंग्रहांत दोन वेगवेगळी रूपं आहेत. छापून निकाल लागणार नाही.

शैलजा_सोलापूर

आमच्याकडे राहीच.

चिपळी

मुख्य गायक काय म्हणतात ते ऐका आणि तेच धरा. चौथ्या कडव्यात "राई रखुमाबाई" येतं ना, तिथे एकटाच आवाज असेल तर तिथलं रूप धृपदालाही लावा. दुसरं रूप पाठभेदाच्या ओळीत जाईल.

पखवाज_फलटण

चौथं नाही, तिसरं कडवं. आणि तिथे कोरसच आहे. बुवांना विचारून कळवतो.